ऑर्डरच्या फॉर्ममधले कोणते रकाने सक्तीचे करावेत?

शिवारवाट

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत आमचे शेतीपंप आणि पीव्हीसी पाइप यांच्या घाऊक विक्रीचे कार्यालय असून माल मच्छे येथील गोदामातून निघतो. खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या तालुक्यांतले दुकानदार, सीमेपलीकडचे चंदगड व गडहिंग्लजचे दुकानदार आणि काही थेट शेतकरी असे आमचे ग्राहक आहेत. ऑर्डर नोंदवण्याचे काम माझ्याकडे आणि माझ्या दोन सहकारी भगिनींकडे आहे.

गेल्या महिन्यात आमच्या प्रतिनिधीने एका शेतकऱ्याची ऑर्डर फोनवरून सांगितली. तो चंदगड म्हणाला आणि आमच्याकडे नंदगड असे ऐकले गेले. पत्त्याच्या रकान्यात गावाचे नाव होते, म्हणून ऑर्डर पूर्ण समजून गोदामात गेली. पंप आणि पाइप घेऊन टेम्पो खानापूरमार्गे नंदगडला पोहोचला, तेथे त्या नावाचा कोणीच सापडला नाही, आणि संध्याकाळी सगळा माल परत आला. शेतकरी मात्र दुसऱ्या राज्यात, वेगळ्याच दिशेला, विहिरीवर वाट पाहत बसला होता.

आता नवी संगणक प्रणाली येत आहे. तिच्या फॉर्ममध्ये २३ रकाने आहेत आणि ते सर्वच्या सर्व सक्तीचे करावेत असे मालकांचे म्हणणे आहे. माझे मन ते मानत नाही, पण कोणते रकाने सोडावेत आणि कोणत्या कसोटीवर सोडावेत हे मला नीट मांडता येत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

निपाणीचा_वाटसरू

मालकांचे म्हणणे बरोबर आहे. सगळे रकाने सक्तीचे करावेत. एकही रकाना रिकामा असला तर ऑर्डर जतनच होऊ देऊ नये, म्हणजे अपुरी ऑर्डर गोदामात जाण्याचा प्रश्नच उरणार नाही. सुरुवातीला पंधरा दिवस कुरकुर होते, नंतर सर्वांना सवय लागते. आमच्या दुकानात आम्ही हेच केले आहे.

वेणुग्रामवासी

मला याचा अनुभव ग्राहक म्हणून आहे. एका संकेतस्थळावरून मी पैठणी मागवली होती. तेथे दुसरा मोबाइल क्रमांक आणि जवळची खूण हे दोन्ही रकाने सक्तीचे होते. माझ्याकडे दुसरा क्रमांक नाही, म्हणून मी पहिलाच पुन्हा लिहिला. ग्राहकाकडून इतकी माहिती मागणे मला योग्य वाटत नाही.

शिवारवाट

वेणुग्रामवासी, आमचा फॉर्म ग्राहक भरत नाहीत, कार्यालयातील आम्ही तिघे भरतो. तरीही आपण पहिलाच क्रमांक पुन्हा लिहिलात, ही गोष्ट माझ्या प्रश्नाशी जवळून जुळते. आमच्याकडेही नेमके तेच होईल अशी मला भीती आहे.

नोंदवही

ती भीती खरी आहे. निपाणीचा_वाटसरू, आपल्या दुकानात सवय लागली आहे हे मी मान्य करतो, परंतु ती कशाची लागली हे तपासून पाहावे. माणसाकडे माहिती नसते, फोनवर ग्राहक थांबलेला असतो आणि फॉर्म पुढे सरकत नाही, अशा वेळी तो रकान्यात टिंब टाकतो, शून्य टाकतो, नाहीतर दहा वेळा ९ लिहितो. त्या क्षणापासून रकाना भरलेला दिसतो आणि माहिती मात्र नसते. रिकामा रकाना गोदामवाल्याला सावध तरी करतो, तर खोटा भरलेला रकाना त्याला निर्धास्त करतो. म्हणून अनावश्यक सक्ती ही सक्ती नसण्यापेक्षा जास्त धोक्याची आहे.

आपल्या जुन्या नोंदींवर एवढी एक आज्ञा चालवून पाहा. रकान्याचे नाव आपल्या तक्त्याप्रमाणे बदलावे.

```sql
SELECT TRIM(transport), COUNT(*)
FROM orders
GROUP BY TRIM(transport)
ORDER BY COUNT(*) DESC;
```

त्या रकान्यात लोकांनी काय काय लिहिले आहे ते सर्वाधिक वापराच्या क्रमाने समोर येईल. पहिल्या चार-पाच ओळींत टिंब, आडवी रेघ किंवा `NA` दिसले, तर त्या रकान्याची सक्ती लोकांनी मोडून काढली आहे असे समजावे.

निपाणीचा_वाटसरू

मी आमच्या संगणकावर पाहिले. वाहन क्रमांकाच्या रकान्यात एकच क्रमांक शेकडो वेळा आला आहे, आणि ती गाडी आम्ही दोन वर्षांपूर्वी विकली. हे मला ठाऊक नव्हते. तरीही मूळ मुद्दा मी सोडत नाही. ई-वे बिलासाठी वाहन क्रमांक लागतोच, मग तो सक्तीचा नको का?

करसल्ला_चिकोडी

वाहन क्रमांक लागतो, परंतु ऑर्डर घेताना लागत नाही. ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालासाठी ई-वे बिल करताना पहिल्या भागात माल कोणाचा, कोठून कोठे, कोणता आणि कितीचा ही माहिती भरली जाते. वाहनाचा क्रमांक दुसऱ्या भागात येतो आणि तो माल हलण्यापूर्वी भरला की पुरते. ऑर्डर आज आली आणि गाडी परवा लागणार असेल, तर आज तो क्रमांक कोणालाच ठाऊक नसतो. जी माहिती त्या क्षणी जगात अस्तित्वातच नाही ती सक्तीने मागितली, तर विकलेल्या गाडीचा क्रमांकच मिळणार. तो रकाना गाडी भरण्याच्या पायरीवर सक्तीचा करावा.

याउलट, जेथे माल पोहोचवायचा त्या ठिकाणाचा पिनकोड ई-वे बिलाला लागतो आणि अंतरही त्यावरूनच काढले जाते. ही माहिती ऑर्डर देणाऱ्याकडे असते, म्हणून ती त्याच वेळी घेणे रास्त आहे.

मच्छे_गोदाम

मी आपल्या संस्थेत नाही, पण त्याच भागातल्या दुसऱ्या गोदामात १४ वर्षे माल काढून देत आहे, म्हणून आमच्या बाजूने लिहितो. कार्यालयात बसून रकाने निवडू नयेत. माझ्याकडे एक वही आहे. ज्या ज्या ऑर्डरीसाठी मला कार्यालयात फोन करावा लागला, त्या ऑर्डरीपुढे मी काय विचारावे लागले ते एका शब्दात लिहितो. आपल्या गोदामातल्या माणसालाही दोन आठवडे असे लिहायला सांगा. ज्या रकान्यासाठी एकदाही फोन झाला नाही, तो गोदामाच्या दृष्टीने सक्तीचा नाही.

माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द आहे ‘नग की मीटर’. ऑर्डरवर लिहिलेले असते: ७५ मिमी पाइप, ५०. आता ५० नळ्या की ५० मीटर? नळी ६ मीटरची धरली तर ५० नळ्या म्हणजे ३०० मीटर पाइप, आणि ५० मीटर म्हणजे साडेआठ नळ्यासुद्धा होत नाहीत, प्रत्यक्षात ९ द्याव्या लागतात. संख्येचा रकाना भरलेला असतो, तो सक्तीचाही असतो, पण ऑर्डर अपुरी ती अपुरीच राहते. एचडीपीईची गुंडाळी मीटरवर विकतात आणि पीव्हीसीची नळी नगावर, त्यामुळे दोन्ही सांगणाऱ्या माणसाचा घोटाळा होतो.

दुसरा शब्द आहे ‘फेज’. पंपाचे एचपी लिहिलेले असते, पण सिंगल फेज की थ्री फेज हे लिहिलेले नसते. ती मोटर चुकीची गेली तर शेतकरी ती विहिरीत सोडेपर्यंत कोणाला कळत नाही.

खानापूरची_प्रतिनिधी

दादा, आपले सर्व म्हणणे पटले, परंतु माझीही बाजू ऐकावी. मी खानापूर तालुक्यात फिरते. जंगलपट्ट्यातल्या गावांत फोनची रेंज मिळेलच असे नाही, आणि शेतकऱ्याला आपल्या मीटरवर किती फेज आहेत हे कधी कधी घरी जाऊन पाहावे लागते. अशा वेळी फॉर्मने ऑर्डर जतन करायलाच नकार दिला, तर मी ती कागदावर लिहून ठेवते, आणि तो कागद खिशातच राहतो. एकदा असा कागद पावसात भिजला आणि तीन ऑर्डरी गेल्या. अर्धवट ऑर्डर निदान कोठेतरी नोंदवून ठेवता आली पाहिजे.

नोंदवही

ताईंनी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली. आपण सगळे जतन करण्याच्या बटणावर भांडत आहोत, आणि भिंत मात्र दुसरीकडे घालायची आहे. ऑर्डर जतन करायला ग्राहकाचे नाव आणि सांगणाऱ्याचा फोन क्रमांक एवढे पुरे. ती ‘कच्ची’ म्हणून राहील. गोदामाला पाठवण्याचे बटण वेगळे ठेवावे, आणि सक्तीचे सर्व रकाने त्या बटणाने तपासावेत. माल काढण्याची चिठ्ठी फक्त ‘पाठवली’ असे चिन्ह लागलेल्या ऑर्डरीचीच छापली गेली, तर अर्धवट ऑर्डर कार्यालयात राहू शकते, पण गोदामात पोहोचत नाही.

यात दोन चोरवाटा राहतात. एक म्हणजे दुकानदारांकडून आलेल्या एक्सेलच्या याद्या. त्या थेट तक्त्यात ओतल्या जातात आणि फॉर्मची तपासणी त्यांना लागूच होत नाही. तपासणी फॉर्मवर न ठेवता पाठवण्याच्या पायरीवर ठेवली, तर याद्याही तिच्याच दारातून जातात. दुसरी म्हणजे नंतरचा बदल. पाठवलेल्या ऑर्डरीत कोणी संख्या किंवा पत्ता बदलला, तर ती आपोआप पुन्हा कच्ची झाली पाहिजे.

आणखी एक बारकावा. तक्त्यात `NOT NULL` लिहिले म्हणजे रकाना भरला जाईल असे पुष्कळांना वाटते. बहुतेक प्रणालींत रिकामी अक्षरमाला किंवा नुसती एक मोकळी जागा त्यातून बिनबोभाट जाते. एक्सेलमध्येही तसेच आहे. तेथे `=LEN(TRIM(F2))=0` असे तपासावे, म्हणजे स्पेस मारून भरलेला रकानाही रिकामा म्हणून पकडला जातो.

मच्छे_गोदाम

तिसरी चोरवाट मी सांगतो. मालक स्वतः गोदामात फोन करतात आणि ‘आत्ता माल काढा, ऑर्डर मागून येईल’ असे म्हणतात. संगणकाचे दार कितीही पक्के केले तरी हा फोन त्याला वळसा घालतो. आमच्याकडे शेवटी असे ठरले की चिठ्ठी नसलेला माल फाटकाबाहेर जाणार नाही, आणि हा नियम मालकांनी स्वतः आपल्या सहीने फळ्यावर लावला. त्यांनी सही केली नसती तर आमच्यासारख्याला ते शक्य नव्हते.

निपाणीचा_वाटसरू

चंदगड आणि नंदगडचा घोटाळा जीएसटी क्रमांक सक्तीचा केला असता तर लगेच पकडला गेला असता. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि कर्नाटकाचा २९ ने. पत्ता नंदगडचा आणि क्रमांक २७ चा असे दिसले की प्रणालीने ऑर्डर अडवावी. शिवाय माल ज्या राज्यात उतरतो त्यावरच कर ठरतो, त्यामुळे बिलही आपोआप बरोबर होईल.

शिवारवाट

आमचा तो ग्राहक शेतकरी होता, त्याच्याकडे जीएसटी क्रमांकच नव्हता. आमच्या थेट विक्रीतले बहुतेक ग्राहक तसेच आहेत. त्यांच्यासाठी हा रकाना सक्तीचा केला, तर तेथे काय लिहिले जाईल हे वर आलेच आहे.

करसल्ला_चिकोडी

म्हणूनच हा रकाना अटीवर सक्तीचा करावा. ग्राहकाचा प्रकार ‘नोंदणीकृत दुकानदार’ असेल तर जीएसटी क्रमांक हवाच, ‘शेतकरी’ असेल तर तो रकाना दिसूच नये. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त करपात्र किमतीचा माल दिला, तर बिलावर त्याचे नाव, पत्ता, माल पोहोचवण्याचा पत्ता, राज्य आणि राज्याचा संकेतांक लागतो. म्हणजे मोठ्या ऑर्डरीत पत्ता कायद्यानेही सक्तीचा आहे.

मात्र पहिल्या दोन अंकांवरून ऑर्डर अडवावी हे बरोबर नाही, आणि माल उतरेल तेथील राज्यावर कर ठरतो हेही अर्धेच खरे आहे. एक उदाहरण घ्या. खानापूरचा एक दुकानदार आपल्याला ऑर्डर देतो, बिल त्याच्याच नावाने होते, पण माल तो थेट चंदगडच्या आपल्या ग्राहकाकडे उतरवायला सांगतो. अशा व्यवहारात पुरवठ्याचे स्थान बिल ज्याच्या सांगण्यावरून झाले त्या खानापूरच्या दुकानदाराचे धरले जाते, म्हणून आपल्या बिलावर केंद्र आणि राज्य जीएसटी लागेल, एकत्रित जीएसटी नाही. ई-वे बिलात मात्र पोहोचवण्याचे ठिकाण चंदगडच लिहावे लागेल. येथे क्रमांक २९ चा आणि पत्ता महाराष्ट्रातला, दोन्ही खरे आहेत. ही तपासणी अडवणारी नसावी, विचारणारी असावी: ‘बिल एका राज्यात आणि माल दुसऱ्या राज्यात, हे बरोबर आहे का?’

निपाणीचा_वाटसरू

हे मला माहीत नव्हते. आमच्याकडे असे व्यवहार होतात आणि आम्ही पत्ता बदलून काम भागवतो. उद्याच हिशेबनिसांशी बोलतो.

खानापूरची_प्रतिनिधी

गावाच्या नावाबद्दल मला एक सांगायचे आहे. नुसते गाव सक्तीचे करून आपल्या भागात काहीच साधत नाही. कुडची म्हटले की रायबाग तालुक्यातली कुडची की बेळगाव शहरालगतची बसवन कुडची, हे विचारावेच लागते. निपाणी कोणी एका ‘प’ने लिहितो, कोणी दोन ‘प’ने, आणि चिकोडीतल्या ‘क’चेही तेच. आमच्याकडे ऑर्डर मराठीत सांगितली जाते, इंग्रजीत टंकली जाते आणि गाडी भरणारे हमाल चिठ्ठी कन्नडमध्ये वाचतात. एकच गाव तीन रूपांत फिरते.

नोंदवही

तर गाव टंकण्याचा रकानाच ठेवू नये. राज्य, तालुका आणि मग गाव असे यादीतून निवडू द्यावे, आणि एका गावाच्या नोंदीला तिन्ही लिपींतली नावे जोडून ठेवावीत. चिठ्ठीवर कन्नड नाव छापता येईल. नंदगड निवडले की शेजारी ‘खानापूर, कर्नाटक’ दिसेल, चंदगड निवडले की ‘चंदगड, महाराष्ट्र’ दिसेल. फोनवर ऑर्डर घेणाऱ्याने तो तालुका मोठ्याने वाचून दाखवायचा, एवढी एकच सवय लावावी. पिनकोड एकट्यावर विसंबू नये, कारण एकाच पिनकोडखाली अनेक गावे येतात.

यादी ठेवताना एक पथ्य पाळावे. यादीत पहिले नाव आधीच निवडलेले ठेवू नये. फेजच्या रकान्यात ‘सिंगल फेज’ आधीच भरून ठेवले, तर कोणीही तो रकाना रिकामा सोडू शकणार नाही आणि कोणी तो वाचणारही नाही. ज्या रकान्यात चूक महागात पडते, तेथे यादी कोरी उघडली पाहिजे.

मच्छे_गोदाम

येथे मी थोडा असहमत आहे. एककाच्या बाबतीत आधीच भरलेले चालते, पण ते फॉर्मने न भरता मालाच्या नोंदीतून यावे. पीव्हीसी नळी निवडली की ‘नग’, एचडीपीई गुंडाळी निवडली की ‘मीटर’. आमच्याकडे तसे केल्यावर चिठ्ठीवर ‘५० नग, एकूण ३०० मीटर’ असे दोन्ही छापून येते. सांगणाऱ्याला ३०० हा आकडा ऐकवला की तो लगेच म्हणतो, ‘नाही हो, मला पन्नासच मीटर पाहिजे.’

शिवारवाट

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे आमच्या गोदामात वही ठेवली होती, तिचा हिशेब देतो. एकूण ३१ ऑर्डरी अडल्या. १२ ऑर्डरींत नग की मीटर हे स्पष्ट नव्हते, ८ मध्ये फेज नव्हता, ६ मध्ये गाव कोणत्या तालुक्यातले ते कळत नव्हते आणि ३ मध्ये ट्रान्सपोर्टचे भाडे पेड की टू पे हे लिहिलेले नव्हते. उरलेल्या दोन ऑर्डरींत ग्राहकाचा फोन लागत नव्हता. ई-मेल, संदर्भ क्रमांक, दुसरा फोन, खरेदीचा उद्देश असे जे रकाने आमच्या फॉर्ममध्ये मोठ्या दिमाखात होते, त्यांच्यासाठी एकही फोन झाला नाही.

ही वही मी मालकांसमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि आता पुढीलप्रमाणे ठरले आहे. जतन करायला नाव आणि फोन पुरेल. गोदामाला पाठवण्यासाठी माल, संख्या, यादीतून निवडलेले गाव व तालुका, आणि माल घेणाऱ्याचा फोन हे सर्वांना लागतील. पंप असेल तर फेज, माल ट्रान्सपोर्टने जाणार असेल तर भाडे कोणाचे, ग्राहक दुकानदार असेल तर जीएसटी क्रमांक, हे अटीवर लागतील. एकक मालाच्या नोंदीतून येईल. वाहन क्रमांक गाडी भरताना घेतला जाईल.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. कच्च्या ऑर्डरी साचत जातात. आज सकाळी १९ होत्या, त्यांतली एक ९ दिवस जुनी. ती कोणी आणि केव्हा हातात घ्यायची, यावर आमच्यात मतभेद आहेत. सहकारी भगिनींच्या मते ज्याने ऑर्डर आणली त्यानेच ती पूर्ण करावी.

खानापूरची_प्रतिनिधी

मी गावात असताना मला कोणती ऑर्डर अडली आहे हे कळणार कसे? रोज सकाळी निघण्यापूर्वी माझ्या नावावरच्या कच्च्या ऑर्डरी आणि त्यांतला नेमका रिकामा रकाना मला संदेशाने मिळाला, तर त्याच फेरीत मी विचारून घेईन. ‘ऑर्डर अपुरी आहे’ एवढेच लिहून पाठवू नये. ‘हुक्केरीची ऑर्डर, फेज विचारा’ असे लिहावे.

मच्छे_गोदाम

आणि तीन दिवसांनंतर ती कार्यालयाकडे परत यावी. आमच्याकडे ती प्रतिनिधीकडेच राहत असे, आणि ग्राहक मधल्या काळात दुसरीकडून पंप घेऊन मोकळा होत असे.

करसल्ला_चिकोडी

तीन दिवस पाइपांसाठी ठीक आहेत. पंपासाठी उन्हाळ्यात एक दिवससुद्धा जास्त होतो. शिवारवाट, ती ९ दिवसांची ऑर्डर पंपाची असेल तर आजच फोन करावा.

शिवारवाट

पंपाचीच होती. आत्ता फोन केला. थ्री फेज, गाव यमकनमर्डी, तालुका हुक्केरी. त्यांनी अजून दुसरीकडून घेतलेला नाही. ऑर्डर पाठवली.